राफ्टिंगचे पैसे भरण्याआधी: परवाना, सुपाचं पाणी आणि आपलं वजन

दिवाळी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दांडेलीची पॅकेजेस फिरायला लागतात. दोन दिवस, एक रात्र, तीन वेळचं जेवण, कॅम्पफायर, झिपलाइन, जकुझी, आणि त्याच रांगेत कुठेतरी एक शब्द: राफ्टिंग. खाली माणशी रक्कम आणि एक मोबाईल नंबर. आपण फोन करतो, पलीकडून उत्तर येतं, "काय काळजी करू नका ओ, सगळं होतंय की." आपण अर्धे पैसे पाठवून मोकळे होतो.

त्या एका शब्दात नेमकं काय बसतं ते आधी पाहू. दांडेलीजवळ काळी नदीकाठच्या गणेशगुडीला 'राफ्टिंग' या नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे धरणाच्या खालच्या खळाळत्या पाण्यातून काही किलोमीटर जाणारं, दोनेक तास चालणारं लांब राफ्टिंग. दुसरं म्हणजे एक-दोन उतार पार करून संपणारं छोटं, ज्याला तिथं 'मिनी' किंवा 'शॉर्ट' म्हणतात. आणि तिसरं म्हणजे संथ पाण्यात रबरी राफ्टमधून मारलेली चक्कर. तिचा फोटो छान येतो, पण तिला राफ्टिंग म्हणणं जरा धाडसाचंच. पाण्याच्या खळाळाची जगभर १ ते ६ अशी प्रतवारी करतात. १ म्हणजे जेमतेम हलणारं पाणी, ६ म्हणजे निष्णात माणसांनीही विचार करावा असं. काळी नदीचा गणेशगुडीचा पट्टा साधारण २ ते ३ मध्ये धरतात. नवख्याला झेपेल असा, पण चुकीला माफ करणारा नव्हे, कारण पात्रात खडक भरपूर आहेत.

तेव्हा पहिला प्रश्न दराचा नसतो. कुठलं राफ्टिंग, किती किलोमीटर, कुठं बसवणार आणि कुठं उतरवणार, हे आधी विचारायचं. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: राफ्ट कुणाचा?

राफ्ट कुणाचा, कागद कुणाचा

आपण ज्याला फोन करतो तो बहुतेक वेळा एजंट असतो. त्याचं रिसॉर्टशी बोलणं असतं, रिसॉर्टचं राफ्टवाल्याशी. नदीत आपल्याला घेऊन जाणारा माणूस या साखळीच्या शेवटच्या टोकाला असतो आणि त्याचं नाव आपल्याला काठावर पोहोचेपर्यंत कळत नाही. परवाना बघायचा तो या शेवटच्या माणसाचा. एजंटचा नाही, रिसॉर्टचाही नाही.

"लायसन्स पाठवा" म्हटलं की फोटो लगेच येतो. तो काय असतो ते मात्र नीट पाहावं लागतं. जीएसटीचं प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी, ग्रामपंचायतीचा व्यवसाय परवाना किंवा होमस्टेची नोंदणी, यांतलं काहीतरी असतं. चारही कागद खरे असतात, चारांवरही सरकारी शिक्का असतो आणि चारांपैकी एकही नदीत राफ्ट घालायची परवानगी देत नाही. जीएसटीच्या कागदाचा एक उपयोग मात्र जरूर करावा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की धंद्याचं नोंदलेलं नाव दिसतं. कर्नाटकातला क्रमांक २९ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने, महाराष्ट्रातला २७ ने. ज्या नावाने यूपीआयवर पैसे मागितलेत आणि ज्या नावाने पावती येणार आहे, ती दोन्ही नावं याच्याशी जुळायला हवीत. जुळत नसतील तर का, एवढं विचारावं. कधी कधी साधं उत्तर असतं, मुलाच्या खात्यावर पैसे घेतात वगैरे, पण मग उद्या पैसे परत मागताना कुणाकडे बोट दाखवायचं ते तिथंच ठरवून घ्यावं.

खऱ्या परवान्यावर राफ्टिंग हा शब्द असतो. कुणाला दिला, कुठल्या ठिकाणासाठी, कुठल्या तारखेपर्यंत आणि कुठल्या कार्यालयाने दिला, हे असतं. गणेशगुडी जोयडा तालुक्यात येतं, म्हणजे जिल्हा उत्तर कन्नड आणि मुख्यालय कारवार. बेळगावच्या कुठल्याही कार्यालयाचा कागद तिथं उपयोगाचा नाही. कागद कन्नडमध्ये असतो. स्वतःला वाचता येत नसेल तर कन्नड शाळेत जाणारं घरातलं पोर पाच मिनिटांत वाचून देतं. तारीख आणि ठिकाण एवढंच विचारायचं त्याला. शंका असेल तर कारवारच्या पर्यटन खात्यात फोन करून अमुक नावाला राफ्टिंगची परवानगी चालू आहे का, हे विचारता येतं. लोक विचारत नाहीत, ही वेगळी गोष्ट.

तारखेवर एवढा भर का, त्याला कारण आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये गणेशगुडीजवळ जास्त माणसं भरलेला एक राफ्ट खळाळात अडकल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि त्यानंतर जिल्हा प्रशासनाने तिथले जलक्रीडा प्रकार काही काळ थांबवले. असं काही घडलं की सगळ्यांचंच काम थांबतं, अटी नव्याने लागतात. म्हणून "आमचं दहा वर्षांपासून चालू आहे" हे उत्तर अनुभवाबद्दल काही सांगेल, परवान्याबद्दल नाही. ज्यांना या शोधाशोधीत पडायचंच नाही, त्यांच्यासाठी कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसचे कॅम्प दांडेली आणि गणेशगुडीला आहेत. खर्च जास्त पडतो, पण जबाबदार कोण हा प्रश्न तरी सुटतो.

राज्य बदललं की नियमही बदलतात. महाराष्ट्रात २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. कामशेत किंवा पाचगणीला पॅराग्लायडिंग करणार असाल तर ते नोंदणीपत्र मागायचं. गोव्याचं उदाहरण तर आपल्या अगदी शेजारचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये पेडणे तालुक्यातल्या केरीच्या पठारावर टँडेम पॅराग्लायडिंगच्या अपघातात पुण्याची एक तरुण पर्यटक आणि तिचा पायलट, दोघांचाही मृत्यू झाला. पुढे परवान्याचाच मुद्दा निघाला आणि आयोजकावर गुन्हा दाखल झाला.

आभाळ निरभ्र, पण पाणी नाही

आता सगळ्यात जास्त भांडणं जिथं होतात तिथं येऊ.

काळी नदी जोयडा तालुक्यातच उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. गणेशगुडीला तिच्यावर सुपा धरण आहे. जुनं सुपा गाव त्याच पाण्याखाली गेलं. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, ५० मेगावॅटचे दोन संच. धरणातलं पाणी या संचांमधून फिरून खाली नदीत येतं, आणि राफ्ट चालतो तो या पाण्यावर. पावसाळा संपल्यावर, म्हणजे ऐन राफ्टिंगच्या हंगामात, धरणाखालच्या पात्रात दुसरं फारसं पाणी नसतंच.

याचा अर्थ असा की राफ्टिंग होणार की नाही हे आभाळाकडे बघून कळत नाही. राज्यात विजेची मागणी किती आहे, इतर ठिकाणांहून किती वीज मिळते आहे, यावर सुपाचे संच चालवायचे की थांबवायचे ते ठरतं. जलविद्युत संच झटपट चालू होतात आणि झटपट बंदही करता येतात, म्हणून गरजेप्रमाणे त्यांनाच हलवलं जातं. एक संच चालू असेल तर नदीत पाणी कमी, दोन असतील तर जास्त, दोन्ही बंद झाले तर थोड्या वेळात खडक उघडे पडतात. राफ्टवाल्याच्या हातात यातलं काहीच नसतं. तो वीजघरातून निरोप येण्याची वाट बघतो आणि त्याप्रमाणे वेळा देतो. "पाणी सोडलं तर हाय, नाही सोडलं तर नाही" हे काठावरचं उत्तर टाळाटाळीचं वाटतं, पण ते शंभर टक्के खरं असतं.

खोट असते ती आपल्या पावतीत. तिच्यावर बहुधा एवढंच छापलेलं असतं: खराब हवामानामुळे राफ्टिंग रद्द झाल्यास पैसे परत किंवा दुसरी तारीख. डिसेंबरातला स्वच्छ दिवस, ऊन पडलेलं, आणि पाणी नाही. हवामान तर उत्तम आहे! मग पैसे परत कशाचे?

एक उदाहरण आकड्यांनिशी घेऊ. रक्कम समजण्यापुरती आहे, दर दरवर्षी बदलतात. खानापूरच्या एका कुटुंबातले आठ जण. पॅकेज माणशी २,६०० रुपये, एकूण २०,८००. निम्मे आगाऊ, १०,४०० रुपये. शनिवारी अकरा वाजता पोहोचल्यावर कळलं की संच बंद आहेत, आज लांब राफ्टिंग नाही. रिसॉर्टवाला म्हणतो, त्याऐवजी कयाकिंग करा, झॉर्बिंग करा, वेगळे पैसे घेत नाही. थोरले काका म्हणतात, आम्ही आलोच राफ्टिंगसाठी, तेवढे पैसे कमी करा. रिसॉर्टवाला म्हणतो, पॅकेज आहे ओ, त्यात राफ्टिंगचा वेगळा दर कुठं लिहिलाय? आणि खरंच, कुठेच लिहिलेला नसतो. म्हणजे किती कमी करायचे हेच ठरवता येत नाही.

हेच बुकिंगच्या वेळी राफ्टिंगचे १,४०० आणि राहण्याजेवणाचे १,२०० असं वेगळं लिहून घेतलं असतं, तर हिशोब सरळ होता. राफ्टिंगचे आठ जणांचे ११,२०० वजा, राहण्याजेवणाचे ९,६०० देणं, आगाऊ दिलेले १०,४०० पाहता उलट ८०० रुपये परत यायचे. वाद घालायला जागाच उरत नाही.

त्यासाठी पैसे पाठवण्याआधी एक निरोप पाठवावा आणि त्याचं लेखी उत्तर घ्यावं. फोनवरचं "होय होय" चालत नाही. निरोप असा काहीसा:

"आम्ही आठ जण, शनिवारी लांब राफ्टिंग. राफ्टिंगचा दर माणशी किती, राहण्याजेवणाचा किती, वेगळं कळवा. धरणातून पाणी न सोडल्यामुळे, पाणी जास्त असल्यामुळे, सरकारी बंदीमुळे किंवा तुमच्या राफ्ट वा गाईडच्या अडचणीमुळे राफ्टिंग झालं नाही, तर राफ्टिंगचे पूर्ण पैसे परत मिळतील का? किती दिवसांत? लांबच्या ऐवजी छोटं केलं तर फरक परत मिळेल का?"

यातला शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि फसगत तिथंच सगळ्यात जास्त होते. पाणी नव्हतं म्हणून छोटं केलं, राफ्टिंग तर झालंच ना, असा तो हिशोब असतो. आपण स्वतः उशिरा पोहोचलो किंवा आयत्या वेळी दोघं कमी झाले, तर मात्र पैसे जाणार, हे मान्य करावं. राफ्टवाल्याने गाईड आणि गाडी तयार ठेवलेली असते. त्याचाही धंदा आहे.

आदल्या संध्याकाळी एकदा आणि सकाळी निघताना एकदा फोन करून पाण्याचं विचारायचं. बेळगावहून खानापूर, लोंढा करत रामनगरला पोहोचल्यावर रस्ता फुटतो, एक गणेशगुडीकडे, दुसरा अनमोडवरून गोव्याकडे. काही मंडळी तिथंच चहा घेत तिसरा फोन करतात आणि पाणी नाही कळलं की गाडी गोव्याकडे वळवतात. बेळगावकराला त्याचं फार दुःख होतं असं दिसत नाही.

म्हादईचा प्रकार याच्या बरोबर उलटा. ती खानापूर तालुक्यातून निघते आणि गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजूला, तिच्यावर राफ्टिंग होतं. पण ते भर पावसाळ्यात, कारण ती पावसाच्या पाण्यावर चालते. तिथं रद्द होतं ते पाऊस फार झाला म्हणून किंवा चार दिवस उघडीप पडली म्हणून, आणि तिथं 'हवामान' हा शब्द पावतीवर पुरेसा ठरू शकतो. काळीवर पावसाळ्यात सहसा लांब राफ्टिंग बंद असतं. कुणी जुलैत ते विकत असेल तर त्याला आणखी चार प्रश्न विचारावेत.

वजनाचा आकडा नेमका कशाचा

जाहिरातीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वजन १०० किंवा ११० किलोपर्यंत. राफ्टिंगलाही तेच आणि पॅराग्लायडिंगलाही तेच. दोन्हीकडे आकडा सारखा दिसतो, पण त्यामागचं कारण अगदी वेगळं आहे. ते कळलं की कुठं घासाघीस चालते आणि कुठं मुळीच चालू नये, हेही कळतं.

आधी राफ्ट. वर सांगितलेल्या कुटुंबात थोरले काका १०८ किलोचे. त्यांना वाटतं की आपण जड, म्हणून बुडणार. तसं नसतं. माणसाचं शरीर पाण्यापेक्षा फारसं जड नाही. पाण्यात त्याचं वजन जेमतेम काही किलो भरतं आणि अंगावर चरबी असेल तर उलट ते जास्त तरंगतं. तोंड पाण्याच्या वर ठेवायला मोठ्या माणसाला साधारण तीन ते पाच किलोंचा आधार लागतो. राफ्टिंगचं चांगलं लाइफ जॅकेट सात किंवा त्याहून जास्त किलोंचा आधार देतं. म्हणजे १०८ किलोच्या काकांना आणि ५५ किलोच्या काकूंना तरंगायला लागणारं जॅकेट जवळपास सारख्याच ताकदीचं असतं.

मग मर्यादा कशाची? जॅकेटच्या पट्ट्यांची. छातीचा घेर मोठा असला की मधल्या आकाराच्या जॅकेटची बकलं लागत नाहीत, मग वरची दोन लावून खालचं सोडून देतात. असं जॅकेट पाण्यात पडल्याबरोबर वर सरकतं, कानापर्यंत येतं आणि माणूस त्यातून खाली निसटतो. दुसरं कारण म्हणजे पाण्यात पडलेल्याला राफ्टमध्ये परत ओढून घ्यायचं असतं, खांद्याचे पट्टे धरून, एक-दोन माणसांनी. त्यामुळे काकांनी फोनवर वजन सांगावंच, पण त्यासोबत छातीचा घेरही सांगावा आणि विचारावं, डबल एक्सेल जॅकेट आहे का, किती आहेत. "होईल ओ अॅडजस्ट" हे उत्तर नाही.

वजनापेक्षा राफ्टमध्ये डोकी किती हे जास्त महत्त्वाचं. चौदा फुटी राफ्टमध्ये साधारण सहा ते आठ पर्यटक आणि एक गाईड. बऱ्याच राफ्टवर किती माणसं, किती किलो, हे बनवणाऱ्याने छापलेलं असतं. हवा भरलेल्या नळीवर किंवा पाठीमागे शोधायचं. जास्त माणसं बसली की राफ्ट पाण्यात खोल बसतो, वळायला जड होतो, खडकावर चढला की निघत नाही आणि मधल्यांना पाय अडकवायला जागा राहत नाही. सुट्टीच्या दिवशी गर्दी असताना "अजून दोघं घेतो, चालतंय" असं म्हणतात, तेव्हा आपणच नको म्हणायचं. या कुटुंबातली बारा वर्षांची भाची लांब राफ्टिंगला बसणार नाही, हेही आधीच ठरलेलं बरं. अशा पाण्यासाठी १४ वर्षांची अट सर्रास धरतात, आणि काठावर रडारड करून ती शिथिल करून घेण्यात काही शहाणपण नाही.

पॅराग्लायडिंगमध्ये मात्र वजन हा थेट उडण्याचा हिशोब असतो. टँडेम ग्लायडर, म्हणजे पायलट आणि प्रवासी दोघांना नेणारं कापडी पंख, ठरावीक वजनासाठी तपासलेलं असतं. ते वजन प्रवाशाचं एकट्याचं नसतं. प्रवासी, पायलट, पंख, दोन्ही हार्नेस, राखीव पॅराशूट, हेल्मेट, बूट, सगळं मिळून. ते पंखावर शिवलेल्या पट्टीवर छापलेलं असतं आणि त्यात कमाल आकड्यासोबत किमानही असतो. समजा पट्टीवर १२० ते २२० किलो आहे. सामानाचे साधारण २० किलो धरा. काका १०८, पायलट ७५, सामान २०, एकूण २०३. बसलं. पायलट ९५ किलोचा असेल तर एकूण २२३, म्हणजे नाही. आता चाळीस किलोचं पोर आणि ५८ किलोचा सडपातळ पायलट घ्या: सामान धरून ११८, किमानपेक्षा कमी.

हलकं असलं तर काय बिघडतं, असं वाटतं. बिघडतं. पंखावर वजन कमी असलं की त्याचा वेग कमी होतो, समोरच्या वाऱ्याला तो टिकत नाही आणि हवेतल्या धक्क्याने पंखाची एक बाजू दुमडायची शक्यता वाढते. वजन जास्त झालं तर टेकडीवरून पळत सुटताना जास्त वेगाने पळावं लागतं आणि उतरताना जमिनीवर आदळण्याचा जोर वाढतो. म्हणून चांगला पायलट वजन विचारून थांबत नाही, काटा ठेवतो, आणि पोरासाठी जड पायलट किंवा लहान पंख बघतो. "१०० किलोपर्यंत चालतं, बाकी काही नाही" असं सांगणाऱ्याला विचारायचं, पायलटचं वजन धरून की सोडून? त्याच्या उत्तरावरून पुष्कळ कळतं.

काठावर पोहोचल्यावर

सामान फोटोवरून तपासता येत नाही, ते हातात घ्यावं लागतं. पण त्याला पाच मिनिटं पुरतात. जॅकेटची सगळी बकलं लावून पट्टे ओढायचे आणि दुसऱ्याला खांद्याचे पट्टे धरून जोरात वर उचलायला सांगायचं. जॅकेट हनुवटीला लागलं तर ते सैल आहे किंवा मोठं आहे. आतला फोम बोटांनी दाबून पाहायचा. दबून तसाच राहत असेल, कडक झाला असेल, कापड उसवून आत दिसत असेल, तर दुसरं मागायचं. हेल्मेट बांधून डोकं हलवायचं, हेल्मेट डोक्यासोबत हललं पाहिजे. मोटरसायकलचं किंवा बांधकामावरचं हेल्मेट असेल तर सरळ परत द्यायचं.

मग गाईडच्या कमरेकडे आणि राफ्टकडे पाहायचं. फेकायचा दोर भरलेली पिशवी, शिट्टी, दोर कापायला सुरी, एक जादा वल्हं. एकटाच राफ्ट निघाला नसावा. सोबत दुसरा राफ्ट किंवा बचावाचा कयाक हवा, नाहीतर पडलेल्याला उचलणार कोण? निघण्याआधी गाईडने सूचना द्यायला हव्यात. त्यातली एक जरी विसरला तरी आपण विचारायची: पाण्यात पडलो तर काय करायचं. उताणं व्हायचं, पाय पुढे, वाहत्या दिशेला, आणि कमरेएवढं पाणी असलं तरी उभं राहायचं नाही. काळीच्या तळाला खडक आहेत. उभं राहिलं की पाऊल फटीत अडकतं आणि मागून येणारं पाणी माणसाला पुढे दाबतं. पोहता येणाऱ्यांकडूनही ही चूक होते, कदाचित जास्तच.

पॅराग्लायडिंगला बघायच्या गोष्टी कमी आहेत. राखीव पॅराशूट हार्नेसला जोडलेलं आहे का आणि ते शेवटचं उघडून, वाळवून परत कधी घडी घातलं, हे विचारायचं. वर्षभरात घातलेलं हवं, बरेच पायलट सहा महिन्यांनी घालतात. मांड्यांचे पट्टे लावलेत का ते स्वतः हात लावून पाहायचं. पायलटचा टँडेमचा परवाना वेगळा असतो. एकट्याने उडायचं प्रमाणपत्र म्हणजे प्रवासी न्यायची पात्रता नव्हे.

तिथं रद्द होण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा खरंच वारा असतो. टँडेम पंखाचा स्वतःचा वेग ताशी चाळीसेक किलोमीटर. समोरून ताशी २५ च्या पुढे वारा लागला, किंवा वारा झोताझोताने यायला लागला, तर बहुतेक समंजस पायलट थांबतात. खाली आपल्याला छान झुळूक वाटत असते. म्हणून दुपारी बाराला 'आता नाही, चार वाजता बघू' असं ऐकायला मिळालं तर रागावू नये, पण चारला नाही झालं तर काय, हे बुकिंगलाच ठरलेलं असावं. हवेत जाऊन पाच मिनिटांत उतरावं लागलं तर पैसे किती, हेही. आणि वारा वाढलेला असताना "पैसे परत नाहीत, उडायचं तर आत्ता" असं कुणी म्हणत असेल, तर तेवढे पैसे गेले असं समजून खाली उतरावं.

दोन्हीकडे आपल्याकडून एका फॉर्मवर सही घेतात, जे होईल त्याला मीच जबाबदार अशा अर्थाची. धोका समजावून सांगितल्याची खूण म्हणून ती ठीक आहे. फाटकं जॅकेट दिलं किंवा जास्त माणसं भरली तर त्या निष्काळजीपणाची जबाबदारी त्या सहीने आपोआप संपत नाही. सही करण्याआधी फॉर्मचा फोटो काढून ठेवायचा, तसाच जॅकेटचा आणि राफ्टवरच्या छापील आकड्याचाही. आपल्या अपघात विम्यात साहसी खेळ वगळलेत का ते घरीच बघून निघायचं, बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात.

पैसे अडकलेच तर आधी आयोजकाला लेखी मागणी करायची, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार. तिथंही न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे खानापूरच्या माणसाला गणेशगुडीच्या ८०० रुपयांसाठी कारवारला खेपा घालाव्या लागत नाहीत, बेळगावात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. वर सांगितलेला निरोप आणि त्याचं लेखी उत्तर तेव्हा लागतं, म्हणून फोन बदलला तरी ते चॅट पुसू नये.